P-V आलेख हरवल्यावर चक्रातलं कार्य कसं काढायचं

बारावीच्या मुलांच्या ग्रुपवर रात्री उशिरा एका मुलीने गणिताचा फोटो टाकला, खाली प्रश्न टाइपही केला, आणि नंतर फोटो चुकून सगळ्यांसाठी डिलीट केला. सकाळी मी ग्रुप उघडला तेव्हा उरला होता फक्त मजकूर:

«एकअणुक आदर्श वायूचा 1 मोल P-V आकृतीत दाखवलेल्या A→B→C→A या चक्रातून जातो. A पाशी दाब 1×10⁵ Pa आणि तापमान 300 K आहे. A→B मध्ये आकारमान स्थिर राहते, C→A मध्ये दाब स्थिर राहतो. B आणि C या दोन्ही ठिकाणी तापमान 600 K आहे. एका चक्रात वायूने केलेले निव्वळ कार्य काढा.»

त्याखाली दोन मुलांचा वाद चालू होता. एकाचं उत्तर १२४७ ज्यूल, दुसऱ्याचं ९६४ ज्यूल. आकडेमोड दोघांचीही तपासली, एकाचीही चुकलेली नव्हती. मग दोन उत्तरं आली कुठून, आणि आकृती नसताना त्यातलं खरं कोणतं हे ठरवता येतं का, ते आता पायरीपायरीने पाहू. आकृती नसलेलं असं कुठलंही गणित हातात आलं तर हाच क्रम चालतो.

आधी बघा, आकृती खरंच लागते का

पेन्सिल उचलण्याआधी मजकुरात उष्णतेचे आकडे आहेत का ते शोधा. चक्र पूर्ण झालं की वायू मूळ स्थितीत परत येतो, त्यामुळे त्याच्या आंतरिक ऊर्जेत एकूण बदल शून्य होतो. म्हणजे वायूला दिलेली आणि त्याने बाहेर टाकलेली उष्णता यांची चिन्हासकट बेरीज केली की तेच निव्वळ कार्य. समजा प्रश्नात लिहिलंय की पहिल्या टप्प्यात ४०० ज्यूल दिले, दुसऱ्यात १०० दिले आणि तिसऱ्यात ३५० बाहेर गेले. कार्य १५० ज्यूल. आकृती त्रिकोण असो, वर्तुळ असो की कशीही वेडीवाकडी असो, उत्तर हलत नाही.

दुसरी सुटका आयताची. मजकुरात «दोन टप्पे स्थिर दाबाचे आणि दोन स्थिर आकारमानाचे» असं म्हटलं असेल तर P-V आलेखावर आयतच होतो, दुसरं काही होऊच शकत नाही. मग चार कोपऱ्यांची तापमानं पुरतात. A डावीकडे खाली धरून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे A, B, C, D अशी नावं दिली तर

W = nR (T_A − T_B + T_C − T_D)

हे पाठ करू नका. आयताचं क्षेत्रफळ (P₂ − P₁)(V₂ − V₁) उलगडलं आणि प्रत्येक PV च्या जागी nRT लिहिलं की दोन ओळींत समोर येतं.

आपल्या प्रश्नात मात्र उष्णतेचा आकडा नाही आणि टप्पे तीन आहेत. म्हणजे आकृती परत उभी करावी लागणार.

कोपरे शब्दांतून मिळतात

आकृतीत दोन वेगळ्या गोष्टी असतात, कोपरे आणि बाजू. कोपरा म्हणजे वायूची स्थिती: दाब, आकारमान, तापमान. मोल माहीत असतील तर या तिघांतले कुठलेही दोन कळले की तिसरं PV = nRT वरून निघतं. वहीत छोटा तक्ता करा, मजकुरातून मिळालेले आकडे आधी भरा आणि रिकामी घरं समीकरणाने भरून काढा.

A पाशी दाब आणि तापमान दोन्ही दिलेत, तेव्हा

V_A = nRT/P = 8.314 × 300 / 10⁵ = 0.02494 m³

म्हणजे २४.९४ लिटर. A→B मध्ये आकारमान तेच, तापमान दुप्पट, म्हणून दाब दुप्पट. C→A मध्ये दाब तोच, C चं तापमान A च्या दुप्पट, म्हणून आकारमानही दुप्पट. पूर्ण तक्ता असा:

| कोपरा | दाब (10⁵ Pa) | आकारमान (लिटर) | तापमान (K) |
|---|---|---|---|
| A | 1 | 24.94 | 300 |
| B | 2 | 24.94 | 600 |
| C | 1 | 49.88 | 600 |

आता आलेख काढा. A डावीकडे खाली, B त्याच्या बरोबर वर, C उजवीकडे खाली. A-B ही उभी रेघ आणि C-A ही आडवी रेघ मजकुरानेच दिली आहे. राहिली B-C, आणि तिच्याबद्दल मजकुरात एक अक्षर नाही.

वाद इथूनच सुरू होतो. तापमान, आंतरिक ऊर्जा या गोष्टी नुसत्या कोपऱ्यांवरून ठरतात. वायू कुठल्या वाटेने गेला याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं. कार्य वाटेवर ठरतं. म्हणून तक्ता भरून झाला तरी काम अर्धंच झालेलं असतं.

हरवलेली बाजू

B आणि C दोन्हीकडे ६०० केल्विन आहे. हे वाचून एकाने B-C समतापी धरली. दुसऱ्याला फोटो डिलीट होण्याआधी ओझरता दिसला होता. «सर, त्रिकोण होता,» एवढंच त्याला आठवत होतं, म्हणून त्याने सरळ रेघ धरली. दोन्ही वाटा त्याच B मधून निघून त्याच C ला पोचतात.

सरळ रेघ धरली तर काटकोन त्रिकोण मिळतो:

W = ½ × (2 − 1)×10⁵ × (0.04988 − 0.02494) ≈ 1247 J

समतापी धरली तर B ते C मध्ये वायूने केलेल्या प्रसरणाच्या कार्यातून C ते A मध्ये त्याच्यावर झालेलं कार्य वजा करायचं:

W_BC = nRT ln(V_C/V_B) = 8.314 × 600 × 0.693 ≈ 3458 J
W_CA = P (V_A − V_C) = −10⁵ × 0.02494 ≈ −2494 J
W = 3458 − 2494 ≈ 964 J

फरक २८३ ज्यूलचा, म्हणजे किरकोळ नाही. तो कुठून येतो हे पाहायला B-C च्या बरोबर मध्ये, ३७.४१ लिटरवर थांबा. सरळ रेघेवर तिथे दाब 1.5×10⁵ पास्कल आहे, समतापी वक्रावर 1.33×10⁵. वक्र रेघेच्या खाली झोळीसारखा लोंबतो आणि तेवढं क्षेत्रफळ कमी भरतं. त्याच मधल्या बिंदूचं तापमान काढलं तर सरळ रेघेवर ६७५ केल्विन येतं. दोन्ही टोकांना तापमान सारखं असलं म्हणून मधली वाट समतापी होत नाही, वायू मध्ये तापून परत निवू शकतो. «B आणि C चे तापमान 600 K» आणि «B→C मध्ये तापमान 600 K राहते» या दोन वाक्यांतला फरक मुलं सर्रास गाळतात.

तिसरी शक्यता अ‍ॅडियाबॅटिक. तिचा निकाल मात्र तक्त्यावरूनच लागतो. B पासून अ‍ॅडियाबॅटिक प्रसरण होऊन दाब अर्धा झाला तर एकअणुक वायूचं तापमान 600 × 2^(−0.4), म्हणजे साधारण ४५५ केल्विनवर उतरायला हवं. आपल्या C पाशी ६०० आहे, त्यामुळे ही वाट बाद. C चं तापमान दिलेलंच नसतं तर मात्र ती शक्यता उभी राहिली असती आणि उत्तर ५२६ ज्यूलच्या आसपास आलं असतं.

बाजू ओळखण्याच्या खुणा

आता प्रश्न उरतो सरळ की समतापी. शब्द संपले, पण प्रश्नाच्या आजूबाजूला खुणा असतात. परीक्षक आकडे उगाच देत नाही.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे शेवटी कंसात दिलेली माहिती. «ln 2 = 0.693 घ्या» असं असेल तर कुठेतरी समतापी टप्पा आहे हे जवळजवळ नक्की. पर्याय दिले असतील तर त्यांचा चेहरा बघा. ln दिसला तर समतापी. दोनाचा किंवा तिनाचा अपूर्णांकातला घात दिसला तर अ‍ॅडियाबॅटिक. π दिसला तर आकृती वर्तुळ किंवा लंबवर्तुळ, आणि मग W = (π/4)(P₂ − P₁)(V₂ − V₁), जिथे P₁, P₂ हे सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त दाब, आणि तसंच आकारमानांचं. नुसते 150R, P₀V₀/2 असले साधे आकडे असतील तर सरळ रेघा. आपल्या प्रश्नात समतापी उत्तर 300R(2 ln 2 − 1) असं लिहिता येतं आणि सरळ रेघेचं 150R. पर्याय टाइप केले असते तर एका नजरेत निकाल लागला असता, पण ते फोटोबरोबर गेले.

आपल्या मजकुरात आणखी एक शब्द आहे जो मला खटकला: «एकअणुक». कार्य काढताना, सरळ रेघ धरा की समतापी, वायू एकअणुक आहे की द्विअणुक याने काडीचाही फरक पडत नाही. वरच्या दोन्ही हिशोबांत तो कुठेच वापरला नाही. अ‍ॅडियाबॅटिक तर आपण आधीच बाद केली. मग तो शब्द कशाला? बहुतेक खाली दुसरा उपप्रश्न होता, कार्यक्षमतेचा किंवा उष्णतेचा, आणि मुलीने तो टाइप केला नाही. तिला विचारलं तर खरंच होता: «(ब) चक्राची कार्यक्षमता काढा.» उत्तर पाठीमागे दिलं होतं, पण तिला आठवत नव्हतं.

ते आठवलं असतं तर मात्र बाजू ओळखता आली असती. समतापी B-C साठी वायू उष्णता घेतो ती A-B मध्ये (3/2)R × 300 ≈ ३७४१ ज्यूल आणि B-C मध्ये ३४५८ ज्यूल. कार्यक्षमता 964/7199, म्हणजे सुमारे १३.४ टक्के. सरळ रेघेसाठी बहुतेक जण B-C वरची निव्वळ उष्णता ३७४१ ज्यूल धरतात आणि १६.७ टक्के लिहून मोकळे होतात. इथे एक खाच आहे. सरळ उतरत्या रेघेवर वायू सुरुवातीला उष्णता घेतो, पण C च्या थोडं आधी, आकारमान V_A च्या १.८७५ पट झाल्यावर, तो उष्णता बाहेर टाकायला लागतो. घेतलेली उष्णता मोजायची तर फक्त त्या बिंदूपर्यंतचीच, आणि मग उत्तर 16/97, म्हणजे १६.५ टक्के. निव्वळ कार्याला याचा धक्का लागत नाही. पण छापील उत्तर १३.४ असेल तर वक्र, १६.५ किंवा १६.७ असेल तर सरळ रेघ, इतका उलगडा त्यावरून होतो.

सादी कार्नो याने १८२४ मध्ये आपलं चक्र मांडलं तेव्हा त्याने P-V आलेख काढलाच नव्हता, शब्दांतच सांगितलं होतं. आलेख काढला क्लापेरॉनने, दहा वर्षांनी, १८३४ मध्ये. ते जमलं, कारण कार्नोने चारही टप्पे कोणत्या जातीचे हे सांगितलं होतं: दोन समतापी, दोन अ‍ॅडियाबॅटिक. आपल्या मजकुरात तीनपैकी दोनच बाजूंची जात सांगितली आहे.

चिन्ह आणि अक्ष

आकृती नसली की बाण नसतात, आणि धन की ऋण यावरून घोळ होतो. «घड्याळाच्या काट्यांप्रमाणे असेल तर धन» हा नियम दाब उभ्या अक्षावर आणि आकारमान आडव्या अक्षावर असेल तरच खरा. काही पुस्तकं मुद्दाम अक्ष उलटे देतात. आपलंच चक्र तसं काढलं तर ते घड्याळाच्या उलट दिशेने फिरताना दिसेल, तरी कार्य धनच राहील. म्हणून मी मुलांना दिशेऐवजी एक साधा प्रश्न विचारायला सांगतो: वायू फुगताना दाब जास्त होता की आकसताना? इथे B-C मध्ये तो फुगतो आणि दाब 2×10⁵ वरून 1×10⁵ वर येतो, आकसतो तो सगळा वेळ 1×10⁵ वर. फुगताना दाब जास्त, म्हणून कार्य धन. क्रम A→C→B→A असता तर तेवढंच ऋण.

आपल्या प्रश्नात «P-V आकृती» हा शब्द आहे, हे नशीब. नुसतं «आकृतीत दाखवल्याप्रमाणे» असेल तर आलेख P-T किंवा V-T चाही असू शकतो, आणि त्यावरचं क्षेत्रफळ म्हणजे कार्य नव्हे. समतापी B-C असलेलं आपलं चक्र P-T वर काढून बघा: A-B मूळबिंदूकडून येणारी तिरकी रेघ, B-C उभी, C-A आडवी. छान काटकोन त्रिकोण होतो, आणि त्याच्या क्षेत्रफळाचं एकक पास्कल-केल्विन निघतं, ज्याला काही अर्थ नाही. मजकुरात «रेषा मूळबिंदूतून जाते» असं कुठे असेल तर थांबा. P-T वर त्याचा अर्थ स्थिर आकारमान, म्हणजे त्या टप्प्यात कार्य शून्य. P-V वर तीच रेघ म्हणजे दाब आकारमानाच्या प्रमाणात वाढतोय, आणि त्या टप्प्याचं कार्य nR(T₂ − T₁)/2. आलेख कोणता हे कळत नसेल तर दोन्हीसाठी कोपरे तपासा, बऱ्याचदा एक पर्याय दिलेल्या आकड्यांशी जुळतच नाही.

आकृती जाते तेव्हा अक्षांवरची एककंही जातात. आकडे किलोपास्कल आणि लिटरमध्ये असतील तर गुणाकार थेट ज्यूलमध्ये येतो. वातावरण आणि लिटरमध्ये असतील तर १०१.३ ने गुणावं लागतं. मजकुरात «2 आणि 4» असे मोकळे आकडे उरले असतील आणि मोल व तापमानही दिलं असेल, तर nRT काढून कुठल्या एककात जुळतं ते बघा. १ मोल, ३०० केल्विनला PV सुमारे २४९४ ज्यूल, हा आकडा लक्षात ठेवला की गडबड लगेच दिसते.

तरीही ठरत नसेल तर

आपल्या प्रश्नाचं असंच झालं. कोपरे पक्के, चिन्ह पक्कं, अ‍ॅडियाबॅटिक बाद, पण सरळ की समतापी हे उरलेल्या मजकुरातून ठरत नाही. अशा वेळी एक उत्तर ठोकून देऊ नये. वहीत वर लिहावं, «B→C समतापी धरल्यास 964 J, सरळ रेषा धरल्यास 1247 J», आणि दोन्ही हिशोब मांडावेत. आलेखाची रेघ स्वतःलाच छेदून इंग्रजी 8 सारखी दोन वेटोळी करत असेल, तर मात्र हेही करू नये. तिथे एका भागाचं कार्य धन आणि दुसऱ्याचं ऋण असतं, आणि छेदबिंदू कुठे आहे हे कोपऱ्यांवरून नेहमी कळत नाही.

दुपारी मुलीने पान पुन्हा फोटो काढून पाठवलं. आकृती टपाल तिकिटाएवढी होती. B-C ला किंचित झोळ होता आणि त्याला चिकटून बारीक अक्षरात «600 K» छापलं होतं. त्रिकोण आठवणाऱ्या मुलाने तो मोठा करून पाहिला आणि पट्टी लावून मोजलं. त्या आकृतीत उभ्या अक्षावर 1×10⁵ पास्कलला एक सेंटीमीटर होता. मधल्या बिंदूवर 1.5 आणि 1.33 यांच्यातलं अंतर दीड मिलिमीटरच्या आसपास भरलं.